शाळेच्या भिंतीलगतची झाडं मोजताना: घेर, जात, सावली आणि कार्बन

गेली काही वर्षं आठवी-नववीच्या मुलांबरोबर मी शाळेच्या भिंतीलगतची आणि समोरच्या रस्त्यावरची झाडं मोजतो आहे. इतर शाळांतले शिक्षकही त्यांचे तक्ते तपासायला पाठवतात. बहुतेक तक्त्यांत तीनच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बुंध्याचा घेर प्रत्येक झाडाला वेगळ्या उंचीवर घेतलेला असतो. कार्बनच्या सूत्रात व्यासाच्या जागी घेर भरलेला असतो. आणि सावली घेरावरून काढलेली असते. पहिल्या दोन चुका सांगितल्या की लगेच सुधारतात. तिसरी मात्र चिवट आहे, कारण जाड बुंधा म्हणजे मोठी सावली असं आपल्याला मनातून वाटत असतं. रस्त्यावरच्या झाडांना ते लागू पडत नाही. घेर, उंची आणि जात यांवरून झाडात साठलेल्या कार्बनचा अंदाज येतो. सावली झाडाखाली उभं राहून वेगळी मोजावी लागते. खालचा क्रम तेवढ्यासाठीच असा लावला आहे.

## १. हद्द ठरवा, मग झाडाची व्याख्या

कागदावर भिंतीचा साधा नकाशा काढा. फाटक, कोपरे, विजेचे खांब आणि झाकणं एवढं दाखवलं तरी पुरे. मोजणी फाटकापासून सुरू करा, भिंत उजव्या हाताला ठेवून चाला आणि झाडांना त्याच क्रमाने आकडे द्या.

आमच्या पहिल्या वर्षी एक गट आतून मोजत होता आणि दुसरा रस्त्याच्या बाजूने. भिंतीत अडकलेली तीन झाडं दोन्ही तक्त्यांत आली, आणि बेरीज झाल्यावरच ते लक्षात आलं. तेव्हापासून नियम असा आहे: बुंध्याचा मध्य ज्या बाजूला, झाड त्या बाजूच्या गटाचं. मध्य नेमका भिंतीतच असेल तर झाड आतल्या गटाचं.

दुसरा निर्णय म्हणजे झाड कशाला म्हणायचं. घेर १६ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तरच झाड कार्बनच्या हिशेबात घ्या. आपण वापरणार आहोत ते सूत्र साधारण ५ सेंटिमीटर व्यासापासून पुढच्या झाडांवर बेतलेलं आहे, आणि ५ सेंटिमीटर व्यास म्हणजे जवळपास १६ सेंटिमीटर घेर. त्याखालची रोपं फक्त संख्येने मोजा. नारळ, सुपारी, बॉटल पाम यांची वेगळी यादी करा. ताडवर्गातल्या झाडांचा बुंधा वयाबरोबर जाड होत नाही, म्हणून त्यांना हे सूत्र चालत नाही. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळही वेगळ्या यादीत टाका.

सूचना: आवारातल्या मोजणीला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, आणि रस्त्यावरच्या झाडांबद्दल पालिकेच्या उद्यान विभागाला आधी कळवा. बुंध्यावर पालिकेचा क्रमांक रंगवलेला असेल तर तो वेगळ्या रकान्यात उतरवा, आपल्या क्रमांकात मिसळू देऊ नका. झाडाला खिळा मारून पाटी लावायची नाही. खडूची खूण पुरते.

## २. सामान

शिंप्याची कापडी टेप घरी सहज मिळते म्हणून सगळे तीच आणतात. ती वापरू नका. जुनी झाली की ती ताणते. शिवाय ती दीड मीटरची असते, त्यामुळे मोठ्या झाडाला दोनदा लावावी लागते आणि मधे जोडताना चूक होते. घेरासाठी ५ मीटरची फायबरची टेप घ्या, आणि फांद्यांचा पसारा व अंतर मोजण्यासाठी ३० मीटरची.

सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे एक सरळ काठी, बरोबर १ मीटर ३७ सेंटिमीटर लांबीची. आपल्याकडे वनखातं बुंध्याचा घेर याच उंचीवर घेतं. काही देशांत १.३ मीटरवर घेतात. कोणतीही एक उंची चालेल, पण तक्ताभर तीच हवी. काठी नसली की मुलं ‘छातीच्या उंचीवर’ हे शब्दशः घेतात आणि स्वतःच्या छातीजवळ टेप लावतात. १.३७ मीटर ही साधारण पाचवीतल्या मुलाची अख्खी उंची आहे. नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी यांच्या छातीच्या उंचीत वीतभर फरक सहज पडतो. बुंधा खाली रुंद असल्यामुळे त्या वीतभर फरकाने घेर कित्येक सेंटिमीटरने बदलतो.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: क्रमांक, जात, घेर, घेर कोणत्या उंचीवर घेतला, झाडाची उंची, पसारा दोन दिशांनी, सावलीचे ठिपके आणि शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, तो फार उपयोगी पडतो.

## ३. आधी जात, मग टेप

जात चुकली की लाकडाची घनता चुकते, आणि कार्बनचा आकडा जवळपास त्याच प्रमाणात चुकतो. शहरी रस्त्यांवर घोटाळे ठरलेल्या जोड्यांचेच होतात.

‘अशोक’ एवढंच लिहू नका. भिंतीलगत रांगेने लावलेला उंच, निमुळता, लोंबत्या पानांचा अशोक म्हणजे पॉलीअल्थिया लाँजिफोलिया. सीता अशोक म्हणजे साराका असोका हे वेगळं झाड आहे. त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात आणि ते रस्त्यावर क्वचितच दिसतं.

कडुनिंब आणि बकाणा निंब यांच्यात पानाची एक काडी तोडून बघा. कडुनिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी थेट पर्णिका असतात. बकाण्याच्या काडीला आधी उपकाड्या फुटतात आणि पर्णिका त्यांना लागतात.

गुलमोहर आणि सोनमोहर फुलांत असताना कोणीही ओळखेल, पण आपण जातो तेव्हा फुलं असतीलच असं नाही. शेंगा बघा. गुलमोहराची शेंग हातभर लांब, कडक आणि काळपट असते. सोनमोहराची बोटभर, चपटी आणि तांब्याच्या रंगाची असते. वर्षावृक्ष आणि शिरीष यांनाही शेंगांवरूनच ओळखता येतं. वर्षावृक्षाची शेंग जाड, गरदार आणि काळी असते. शिरीषाची कागदासारखी पातळ आणि पिवळट असते, आणि पानं गळल्यावर वाऱ्याने खुळखुळते.

तपासा: खात्री नसेल तर ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असं लिहा, पान आणि शेंग वहीत दाबून ठेवा आणि फुलांच्या दिवसांत परत या. अंदाजाने भरलेलं नाव पुढे कोणी तपासत नाही, मोकळा रकाना मात्र तपासला जातो.

## ४. घेर घेण्याची पद्धत

काठी बुंध्याला टेकवून उभी करा आणि वरच्या टोकाशी खडूने खूण करा. एकाने टेपचं शून्य त्या खुणेवर दाबून धरायचं, दुसऱ्याने टेप घेऊन झाडाला फेरी मारायची. तिसऱ्याने थोडं लांब उभं राहून टेप मागच्या बाजूला घसरली नाही ना, ते बघायचं. हे तिसरं काम कोणालाच नको असतं, पण बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. टेप पाठीमागे चार बोटं खाली उतरली की घेर वाढतो, आणि समोरच्याला ते दिसत नाही. टेप बुंध्याला काटकोनात हवी, सालीला चिकटलेली हवी, आणि तिच्याखाली वेल, दोरी किंवा जाळी नको.

सरळसोट झाडाचं काम इतकंच. पण रस्त्यावरची झाडं सरळसोट कमीच असतात.

जमीन उताराची असेल तर काठी चढाच्या बाजूला टेकवा. झाड कललेलं असेल तर ज्या बाजूला कललं आहे त्या बाजूने, बुंध्याला समांतर १.३७ मीटर मोजा. नेमक्या त्या उंचीवर गाठ किंवा तोडलेल्या फांदीचा फुगवटा असेल तर बुंधा पुन्हा नीट होतो तिथपर्यंत वर जा, तिथे घेर घ्या आणि ती उंची तक्त्यात लिहा.

बुंध्याभोवती पार बांधून माती भरलेली असेल किंवा पेव्हर ब्लॉकखाली बुडखा गाडला गेला असेल, तर आज दिसणाऱ्या जमिनीपासून मोजा आणि शेऱ्यात ‘पार’ किंवा ‘पेव्हर’ लिहा. पुढच्या वेळी कोणी पार फोडला तर तुमचा १.३७ मीटर वेगळ्याच जागी येईल. शेरा असेल तरच घेर अचानक का बदलला हे कळेल.

झाड १.३७ मीटरच्या खालीच दुभंगलेलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा घ्या. त्यांची सरळ बेरीज करायची नाही. प्रत्येक घेराचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा. ६० आणि ८० सेंटिमीटरची दोन खोडं असतील तर ३६०० अधिक ६४०० म्हणजे १०,०००, आणि त्याचं वर्गमूळ १००. म्हणजे हिशेबासाठी घेर १०० सेंटिमीटर, १४० नाही.

पारंब्यांनी वेढलेल्या वडाचा घेर हिशेबात घेऊ नका. टेप पारंब्यांवरून जाते आणि मधल्या पोकळीचंही लाकूड धरलं जातं. वडाची जात, उंची, पसारा लिहा आणि कार्बनच्या रकान्यात ‘काढला नाही’ असं नोंदवा.

थांबा: रस्त्याच्या बाजूला गाड्यांकडे पाठ करून उभं राहायचं नाही. टेप फिरवणारा फूटपाथवरून पलीकडच्याच्या हातात टोक देईल आणि मोठं माणूस रस्त्याकडे बघत उभं राहील. मधमाश्यांचं पोळं दिसलं तर त्या झाडाचा घेर त्या दिवशी घेऊ नका.

## ५. उंची

आपल्या डोळ्यापासून पुढे ताणलेल्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, त्याहून थोडी लांब सरळ काडी घ्या. हात ताणून ती मुठीत उभी धरा आणि मुठीच्या वर बरोबर त्या अंतराएवढी लांबी राहील असं बघा. आता मागे सरकत जा. मुठीची वरची कड झाडाच्या बुडाशी आणि काडीचं वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट हवी. झाड कललेलं असेल तर कल डावीकडे किंवा उजवीकडे दिसेल अशा जागी उभं राहायचं.

दोन मुलांनी स्वतंत्रपणे मोजावं. दोघांच्या आकड्यांत एका मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्याने मोजायचं. पसरट झाडात नेहमीची चूक ही की जवळच्या फांदीचं टोक शेंडा समजलं जातं. मागे सरकल्यावर खरा शेंडा दिसतो.

उंचीत दहा टक्के चूक झाली तर कार्बनच्या आकड्यात साधारण दहा टक्के चूक येते. घेरात दहा टक्के चूक झाली तर वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा तो घेरावर खर्च करा.

## ६. सावली: बुंधा सोडून वर बघा

यासाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा बरा. कडुनिंबाला तोवर नवी पालवी आलेली असते. महाराष्ट्रात या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सावली झाडाच्या बरोबर खाली पडते. पुण्यात मेच्या मध्याला तर भरदुपारी उभ्या काठीची सावलीच दिसत नाही.

आधी पसारा मोजा. फांद्यांची सगळ्यात लांब टोकं ज्या दिशेला आहेत त्या दिशेने एक अंतर, आणि त्याला काटकोनात दुसरं. टोकाच्या बरोबर खाली उभं राहायला ओळंबा वापरा, दोरीला बांधलेला दगडही चालतो. दोन्ही अंतरांची सरासरी काढा, तिचा वर्ग करा आणि ०.७८५ ने गुणा. हे झालं छत्रीखालचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये.

पण छत्रीखाली सगळीकडे सावली नसते. गुलमोहराखाली आणि आंब्याखाली उभं राहिलं की फरक अंगाला जाणवतो. तो आकड्यात आणायला टेप बुंध्यावरून आरपार जमिनीवर पसरा, छत्रीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तेवढ्या लांबीत सारख्या अंतरावर वीस ठिपके घ्या. प्रत्येक ठिपक्यावर ऊन की सावली, एवढंच लिहा. वीसपैकी पंधरा सावलीत असतील तर दाटी ७५ टक्के. छत्रीचं क्षेत्र गुणिले दाटी म्हणजे खरी सावली.

आता सगळ्या झाडांच्या सावल्यांची बेरीज करून ‘आमच्या फूटपाथवर इतकी सावली’ असं लिहायचा मोह होतो. ते करू नका. शेजारच्या झाडांच्या छत्र्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे तीच जागा दोनदा मोजली जाते. शिवाय अर्धी छत्री आवारातल्या छपरावर पडत असते. फूटपाथसाठी वेगळी मोजणी करा. त्याच वेळी फूटपाथच्या मधोमध टेप पसरून दर मीटरला ऊन की सावली लिहीत चला. आमची १२० मीटरची भिंत एका तासिकेत होते, आणि पालकांना समजावताना हाच आकडा सगळ्यात कामाला येतो.

तपासा: दुपारी साडेतीनला तीच मोजणी पुन्हा करा. मेच्या मध्याला पुण्यात त्या वेळी सूर्य साधारण ४७ अंशांवर, पश्चिमेला असतो. सात मीटर उंचीवरच्या फांदीची सावली साडेसहा मीटर पूर्वेला सरकलेली असते. शाळा सुटताना मुलं जिथे उभी राहतात तिथे सावली हवी असेल तर झाड त्या जागेच्या पश्चिमेला लागतं, आणि हे दुपारी साडेबाराच्या आकड्यावरून कळत नाही.

## ७. कार्बनचा हिशेब

इथे एका झाडाचा हिशेब एका वेळी करायचा. सगळ्या घेरांची सरासरी काढून एकदाच सूत्र लावलं की उत्तर कमी येतं, कारण हिशेब जवळपास घेराच्या वर्गाने चालतो. ४० आणि १६० सेंटिमीटरच्या दोन झाडांची सरासरी १०० येते, पण वर्गांची बेरीज २७,२०० असताना सरासरीने ती २०,००० धरली जाते.

घेराला ३.१४ ने भागा, व्यास येईल. मग उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दिलेलं सूत्र वापरा. त्यात लाकडाची घनता, व्यास आणि उंची लागते आणि जमिनीवरच्या भागाचं सुकं वजन किलोत मिळतं. हे सूत्र जंगलातल्या झाडांवरून बांधलेलं आहे. शहरातली मोकळ्यावर वाढलेली, छाटलेली झाडं त्याहून हलकी भरतात, म्हणून शहरी झाडांच्या अभ्यासात वापरला जाणारा ०.८ हा गुणक लावा. मुळांसाठी १.२६ ने गुणा. सुक्या लाकडात कार्बन ४७ टक्के धरतात.

स्प्रेडशीटमध्ये C रकान्यात घेर (सेंटिमीटर), D मध्ये उंची (मीटर) आणि E मध्ये घनता भरा. पुढच्या F, G, H रकान्यांत क्रमाने ही सूत्रं टाका:

```
=C2/PI()
=0.0673*(E2*F2^2*D2)^0.976
=G2*0.8*1.26*0.47
```

घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये हवी. जवळपासचे आकडे असे: चिंच ०.७५, कडुनिंब ०.६९, सोनमोहर ०.६२, आंबा ०.५५, उभा अशोक ०.५५, वर्षावृक्ष ०.४६, पिंपळ ०.४४, सप्तपर्णी ०.३६. ‘अज्ञात’ झाडांना ०.६ धरा आणि तसं लिहा.

आमच्या भिंतीलगतची दोन झाडं घेऊन बघू. कडुनिंबाचा घेर १२६ सेंटिमीटर, उंची ९ मीटर. व्यास ४०.१ सेंटिमीटर. सूत्राने वजन ५३९ किलो. गुणक, मुळं आणि ४७ टक्के लावल्यावर कार्बन २५५ किलो. शेजारच्या अशोकाचा घेर ९४, उंची १३ मीटर. वजन ३४९ किलो, कार्बन १६५ किलो. म्हणजे कार्बनमध्ये कडुनिंब अशोकाच्या दीडपट.

आता सावली. कडुनिंबाचा पसारा ९ आणि ७.६ मीटर, सरासरी ८.३, छत्री ५४ चौरस मीटर, दाटी ७५ टक्के, सावली ४१ चौरस मीटर. अशोकाचा पसारा २.४ मीटर, छत्री साडेचार चौरस मीटर, दाटी ९० टक्के, सावली जेमतेम ४. दहापट फरक. घेरावरून सावली काढली असती तर अशोकाला कडुनिंबाच्या निम्म्याहून जास्त सावली दिली गेली असती. अशोकाची रांग लावलेल्या भिंतीबाहेर मुलं उन्हात का उभी असतात, ते या दोन ओळींत दिसतं.

तपासा: कडुनिंबाच्या ओळीत व्यासाच्या जागी १२६ भरून बघा. वजन पाच टनांवर जातं, नऊपटीहून जास्त. मध्यम आकाराच्या झाडाचं सुकं वजन टनांत दिसू लागलं की आधी हाच रकाना तपासा.

## ८. आकडा लिहिताना

एका झाडाचा अंदाज तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही इकडेतिकडे होऊ शकतो. पोखरलेला बुंधा टेपला भरीवच वाटतो. म्हणून ‘२५५.३ किलो’ असं लिहू नका, ‘सुमारे पाव टन’ लिहा. पूर्ण भिंतीची बेरीज एकेका झाडापेक्षा जास्त भरवशाची असते.

कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची सरमिसळ टाळा. कार्बनला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे कडुनिंबाचे २५५ किलो तिथे ९३६ होतात. कोणता आकडा देताय ते प्रत्येक ठिकाणी लिहा. आणि हा साठा आहे, झाडाने आजवर जमवलेला. ‘हे झाड दरवर्षी इतका कार्बन शोषतं’ असं या मोजणीतून म्हणता येत नाही. त्यासाठी तेच झाड काही वर्षांनी पुन्हा मोजावं लागतं.

## ९. फेरमोजणी

मोजणी संपली की दुसऱ्या गटाला तक्ता न दाखवता दर दहा झाडांतलं एक पुन्हा मोजायला लावा. घेरात दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर त्या गटाचं पान पूर्ण तपासायचं. आमच्याकडे बहुधा १.३७ मीटरची काठी झाडाच्या मुळावर टेकवलेली निघते.

पुढची पूर्ण मोजणी तीन वर्षांनी करा. वर्षभरात वाढलेला घेर आणि टेपची चूक यांत फरक करता येत नाही. खडूची खूण तोवर राहणार नाही, म्हणून प्रत्येक झाडाचं फाटकापासूनचं अंतर भिंतीच्या कडेने मोजून तक्त्यात लिहा, आणि १.३७ सोडून वेगळ्या उंचीवर घेर घेतला असेल तर ती उंची ठळक करा. मधल्या काळात तोडलेल्या झाडाची ओळ पुसायची नाही. तिच्यापुढे तोडल्याचा महिना लिहायचा आणि त्याचा क्रमांक नव्या रोपाला द्यायचा नाही.

तक्त्याची एक प्रत कागदावर शाळेच्या कपाटात ठेवा. तीन वर्षांनी मोजणारी मुलं आज पाचवी-सहावीत आहेत, आणि ज्या शिक्षकाच्या मोबाइलमध्ये तक्ता होता त्यांची तोवर बदली झालेली असू शकते.